खजूर मोजावे, पाणी मोजू नये

(एलूल महिन्यातील सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कीपूरच्या संध्याकाळी निईला संपते, शोफार वाजतो, हावदाला होते आणि मग आपल्या सभागृहात दोनअडीचशे माणसे एकाच वेळी उपवास सोडतात. त्या रात्री माणशी किती खजूर, किती फळे आणि किती पेय धरावे, हा प्रश्न दरवर्षी कार्यकारी मंडळापुढे येतो आणि दरवर्षी अंदाजानेच सुटतो. आज मी त्या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहे, कारण त्याचे अर्धे उत्तर त्या इतिहासातच आहे.

प्रारंभ मिश्नापासून करू. योमा या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात कीपूरचा उपवास केव्हा मोडला असे समजावे, याचे माप दिले आहे. खाण्याचे माप म्हणजे बियांसकट एक मोठा खजूर. त्याला ‘कोतेवेत’ म्हणतात. पिण्याचे माप म्हणजे त्या माणसाच्या तोंडात एका गालात मावेल एवढा घोट. इतर ठिकाणी खाण्याचे माप ऑलिव्हच्या फळाएवढे असते. मग येथे खजूर का? तल्मूद उत्तर देते की तोराने या दिवशी जिवाला क्लेश देण्यास सांगितले आहे, आणि मोठ्या खजुराएवढे अन्न पोटात गेले की मन शांत होऊ लागते. त्याहून कमी खाल्ले तर मन शांत होत नाही.

पुढे एक मार्मिक चर्चा आहे. बाशानचा राजा ओग हा राक्षसी देहाचा. त्याच्यासाठी खजुराचे माप मोठे करावे का? नाही. खाण्याचे माप सर्वांना सारखेच, मग एखाद्याचे मन त्याने पुष्कळ शांत होईल आणि ओगचे थोडेच. पिण्याचे माप मात्र ज्याच्या त्याच्या गालावर ठरते. मोठ्या माणसाचा घोट मोठा, लहानाचा लहान. या दोन ओळींच्या भेदात आपल्या रात्रीच्या भोजनाचा सारा हिशेब दडलेला आहे, असे मला वाटते. खाणे सर्वांना सारखे मोजून देता येते. पिणे मोजून देता येत नाही.

आता कोकणात येऊ. आपले पूर्वज या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहून ठेवलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापल्या गेलेल्या इतिहासात या नावाचा उल्लेख आहे. दिवस मावळण्यापूर्वी स्नान करायचे, पांढरी वस्त्रे नेसायची आणि दार लावून घ्यायचे. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ चे. त्याआधी गावोगावच्या आपल्या घरांना सामुदायिक जागाच नव्हती. ज्या घराचे दार लावलेले, त्याच घरात उपवास सुटणार. तेथे खजुरांचा हिशेब करण्याचे कारण नव्हते, कारण घरातील तोंडे आईला ठाऊक असत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, म्हणजे गरिबांना दान द्यायचे आणि आप्तेष्टांकडे जायचे. समाज एकत्र येई तो या दिवशी.

एकत्र बसून फळे वाटण्याचा आपला जुना अनुभव मलिद्याचा. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मांडलेल्या ताटात गोड पोहे, खोबरे, खजूर, केळी आणि इतर फळे असतात. खजुरावर झाडाच्या फळाची ब्राखा म्हणायची आणि केळ्यावर जमिनीच्या फळाची, हा भेद आपल्या मुलांना त्या ताटावरच कळतो. परंतु मलिद्याचा वाटा हा ब्राखेचा वाटा असतो. माणशी एक खजूर आणि केळ्याची एक चकती पुरते, कारण कोणी भुकेलेला नसतो. आपल्या अनेक सभागृहांत हेच प्रमाण कीपूरच्या रात्रीला नकळत लावले जाते, आणि पंचवीस तासांच्या उपवासानंतर ते अपुरे पडते.

मग किती द्यावे? पुन्हा कोतेवेतकडे जाऊ. ते माप कोंबडीच्या अंड्याहून थोडे लहान असते. या देशात आज बाजारात मिळणारा मोठा खजूर मेजूल जातीचा. हे झाड मूळचे मोरोक्कोचे. १९२७ मध्ये त्याचे अकरा फुटवे अमेरिकेत नेले गेले, आणि पुढे तिकडून ती जात येथे येऊन आराबा व यार्देनच्या खोऱ्यात रुजली. मध्यम मेजूलचे वजन सुमारे २० ग्रॅम भरते. असे दोन खजूर मिळून मिश्नातील एका मोठ्या खजुराच्या जवळ जातात. म्हणून माझे म्हणणे असे की माणशी दोन मेजूल द्यावेत. एकाने मन शांत होत नाही आणि चारांनी पुढच्या जेवणाची भूक मरते. लहान देग्लेत नूर घेतले, तर ते साधारण ८ ग्रॅमचे असतात. माणशी चार धरावेत.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा २४० माणसे आहेत, त्यांत ४० लहान मुले. दोन खजुरांप्रमाणे ४८० खजूर लागतील. किलोला पन्नास बसतात, म्हणजे पाच किलोच्या दोन पेट्या घेतल्या की वीस खजूर उरतात. प्रत्येक खजूर उघडून आत कीड आहे का ते पाहावे लागते आणि बी काढावी लागते. हे काम कीपूर लागण्यापूर्वीच झाले पाहिजे, कारण त्या पवित्र दिवशी रात्रीच्या जेवणाची तयारी करता येत नाही. चौघीजणी बसल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला १२० खजूर येतात.

हाच नियम फळांची निवड ठरवतो. जे फळ आदल्या दुपारी चिरून ठेवले तरी दुसऱ्या रात्री चांगले राहील, तेच घ्यावे. चिरलेले सफरचंद काळे पडते. उघडलेला खजूर झाकून ठेवला तर जसाच्या तसा राहतो. म्हणून माणशी अर्धे केळे आणि ८० ग्रॅम द्राक्षे पुरे. केळी १२०, सुमारे १९ किलो. ती सालीसकट ठेवावीत आणि हावदालेनंतर सालीसकटच मधोमध कापावीत. द्राक्षे २० किलो. ती आधी धुऊन, पूर्ण कोरडी करून, लहान घडांत तोडून ठेवावीत. ओली राहिली तर देठाशी लवकर बुरशी धरतात आणि बोटांना चिकट लागतात. तीच खूण.

पाण्याचा हिशेब वेगळा. येथे मोजायचे ते खरेदीसाठी, वाटण्यासाठी नव्हे. पहिल्या अर्ध्या तासात माणशी सरासरी ४०० मिलिलिटर पाणी धरा, म्हणजे ९६ लिटर. दीड लिटरच्या सहा बाटल्यांचे अकरा संच घेतले की ९९ लिटर होतात. काही जण एक पेला घेतील, काही तीन घेतील, म्हणून बाटल्या प्रत्येक मेजावर उघड्या असाव्यात. काळ्या मनुकांचे शरबत हावदालेच्या पेल्यापुरते ठेवावे. सर्वांसाठी लिंबाचे शरबत माणशी २०० मिलिलिटर, एकूण ४८ लिटर. त्याला ९६ लिंबे, पावणेचार किलो साखर आणि ७० ग्रॅम मीठ लागते. साखरेचा पाक, लिंबाचा रस आणि मीठ असा आठ लिटर अर्क आधी करून शीतपेटीत ठेवावा आणि हावदालेनंतर ४० लिटर थंड पाणी मिसळावे. बिया व साल रसात राहिल्या तर अर्क रात्रभरात कडू होतो.

चहा शेवटी द्यावा. तीस लिटर पाणी उकळायला अडीच किलोवॅटच्या भांड्याला एक तासाहून अधिक वेळ लागतो, हे विसरून लोक हावदालेला भांडे लावतात आणि माणसे ताटकळतात. शब्बातचे घड्याळ आधीच लावून ठेवले तर उपवास सुटण्याच्या वेळी भांडे आपोआप सुरू होते आणि जेवण आटोपेपर्यंत चहा तयार होतो. दोन भांडी असतील तर ती वेगवेगळ्या विद्युतवाहिन्यांवर लावावीत. एकाच वाहिनीवर लावली तर वीज जाते आणि सभागृह अंधारात बुडते. भोजन मांसाचे असेल तर त्यानंतरचा चहा बिनदुधाचा, आले व गवती चहा घातलेला असावा.

आपल्यातील मधुमेहींबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. दोन मेजूल खजुरांत सुमारे पंचवीस ग्रॅम साखर असते, शरबताच्या पेल्यात आणखी सोळा, अर्ध्या केळ्यात सहासात. रिकाम्या पोटी हे सारे पाच मिनिटांत पोटात जाते. अशांसाठी एक खजूर, साधे पाणी आणि लवकर जेवण. बिनसाखरेचे लिंबूपाणी वेगळ्या भांड्यात, वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे. ज्यांना उपवासातच खावे लागते, त्यांच्यासाठीही मिश्नाचे माप उपयोगी पडते. ३० मिलिलिटरच्या आतील घास आणि मध्ये नऊ मिनिटे, अशी रीत हाखाम सांगतात. पण ती प्रत्येकाने सणाआधी आपल्या डॉक्टरांना व हाखामांना विचारून ठरवावी.

शेवटी मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. एके वर्षी मी ज्या मंडळात होतो, तेथे खजूर पुरेसे आणले होते, माणशी तीन. ते एका मोठ्या परातीत दाराजवळ ठेवले. पुरुष खालून आधी पोहोचले. कोणी पाच घेतले, कोणी मुलासाठी म्हणून सात. वरच्या सज्जातून स्त्रिया जिना उतरून आल्या, तेव्हा परातीत बिया होत्या. एक वृद्ध बाई भिंतीला टेकून पाण्यासाठी थांबल्या होत्या आणि पाणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. अंगणात चंद्राची ब्राखा म्हणायला थांबलेले हझान व त्यांच्याबरोबरचे आठदहा जण तर सर्वांत शेवटी आले. कोणी काही बोलले नाही. परंतु दिवसभर परस्परांची क्षमा मागून आपण हे केले होते.

दुसऱ्या वर्षी खजूर माणशी दोनच आणले आणि ते सर्वांना पुरले. दहा माणसांच्या मेजावर वीस खजुरांची थाळी, दहा अर्धी केळी, द्राक्षांचे घड. दोन थाळ्या व बाटल्यांचा एक संच सज्जात कीपूरपूर्वीच झाकून ठेवला. एक थाळी अंगणातल्यांच्या नावाने बाजूला काढली. आपल्या आजीच्या घरी हे ताट न मोजताही बरोबर वाटले जाई, कारण दार एक होते आणि तोंडे ओळखीची. आपल्या सभागृहाला दारे चार आहेत. म्हणून खजूर मोजावे आणि पाणी प्रत्येकाच्या हाताशी ठेवावे.

गमार हतिमा तोवा.