प्रोक्लोरपेराझिन

प्रोक्लोरपेराझिन : मळमळ, ओकारी व भोवळ यांवरील फिनोथायाझिन वर्गातील औषध, भारतात ‘स्टेमेटिल’ या नावाने परिचित. वांतिकेंद्रास चेतविणारे डोपामीनचे ग्राहक ते रोखते. परंतु मेंदूत अन्यत्र हेच ग्राहक स्नायूंच्या हालचालींचे नियमन करीत असल्यामुळे गुण व अपाय एकाच मुळातून उद्भवतात.

उदाहरणादाखल, कानाच्या विकाराने भोवळ येणाऱ्या रायपूरच्या एखाद्या वृद्धेस ५ मिग्रॅ.ची गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली, की प्रथम गुंगी येते व तोल जाण्याची धास्ती वाढते. पुढे दोन-तीन दिवसांत ती खाटेवर बसते न बसते तोच उठते, येरझारा घालते, पाय एकसारखे हलविते, आणि घरची मंडळी यास मनाची घालमेल समजतात. वस्तुतः ही औषधजन्य अस्वस्थता (अकॅथिसिया) होय. म्हणून मात्रा वाढविणे घातक, व वैद्यकीय सल्ल्याने औषध थांबविणे इष्ट.

तरुणांत मान वाकडी होणे, जबडा आखडणे वा डोळे वर चढणे असा आचका येतो, तो प्रोमेथाझिनच्या सुईने बहुधा लवकर ओसरतो. वृद्धांत मात्र दीर्घ सेवनाने कंपवातासारखा ताठरपणा येतो. भोवळीत हे औषध थोडेच दिवस द्यावे, अन्यथा तोल सावरण्याची मेंदूची स्वाभाविक क्रिया मंदावते.