चाचणी-स्वरात ठरावीक गोंगाट मिसळणे आणि त्याचा पडताळा (पायथन)

ध्वनियंत्रणा, फिल्टर किंवा स्वर ओळखणारा प्रोग्रॅम तपासण्यासाठी एकाच वारंवारतेचा शुद्ध स्वर तयार करून त्यात मोजून-मापून गोंगाट मिसळतात. स्वराची सरासरी शक्ती आणि गोंगाटाची सरासरी शक्ती यांच्या गुणोत्तराला सिग्नल-नॉइज रेशो, थोडक्यात एसएनआर म्हणतात आणि ते डेसिबेलमध्ये सांगतात. शक्तींचे गुणोत्तर १०० असेल तर एसएनआर २० डेसिबेल होतो. पायथनच्या नमपाय या लायब्ररीत असा सिग्नल पाचसहा ओळींत तयार होतो, त्यामुळे अवघड भाग निर्मितीचा नाही. तयार झालेल्या सिग्नलचा एसएनआर खरोखर ठरवला तेवढाच आहे हे दाखवणे अवघड आहे. ज्या सूत्राने गोंगाट तयार केला त्याच सूत्राने तो मोजला तर त्याला पडताळा म्हणता येत नाही, हे या नोंदीचे प्रतिपादन आहे.

उदाहरण म्हणून १,००० हर्ट्झचा, एक सेकंदाचा स्वर घेऊ. नमुनादर सेकंदाला ४८,००० आणि आयाम ०.५ ठेवू. साइन तरंगाची सरासरी शक्ती आयामाच्या वर्गाच्या निम्मी असते, म्हणजे येथे ०.१२५. २० डेसिबेलसाठी गोंगाटाची शक्ती याच्या शंभराव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.००१२५ हवी. गाउसीय गोंगाटाची सरासरी शून्य असल्याने त्याची शक्ती म्हणजेच त्याचे प्रचरण. नमपायचे `normal` मात्र प्रचरण घेत नाही, प्रमाण विचलन घेते. म्हणून वर्गमूळ काढून त्याला ०.०३५४ द्यावे लागते.

```python
import numpy as np

fs, f0, A, snr_db = 48000, 1000.0, 0.5, 20.0

def make(seed, T=1.0):
    rng = np.random.default_rng(seed)
    t = np.arange(int(fs * T)) / fs
    s = A * np.sin(2 * np.pi * f0 * t)
    Pn = np.mean(s**2) / 10**(snr_db / 10)
    return s + rng.normal(0.0, np.sqrt(Pn), t.size)
```

येथे चुका होतात त्या ठरलेल्या दोनतीन जागीच होतात आणि प्रत्येक चूक आपला आकडा मागे ठेवून जाते. आयामालाच आरएमएस मूल्य समजून गोंगाटाचे प्रमाण विचलन आयामाच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे ०.०५ घेतले, तर एसएनआर १६.९९ डेसिबेल भरतो. ३.०१ डेसिबेलची ही तूट म्हणजे नेमका दोनचा घटक, वर्ग निम्मा करायचा राहून गेल्याची खूण. वर्गमूळ काढायला विसरून ०.००१२५ हेच `normal` ला दिले, तर एसएनआर ४९.०३ पर्यंत चढतो. शक्तीचे गुणोत्तर आयामाचे गुणोत्तर म्हणून वापरले, तर २० च्या जागी बरोबर ४० मिळतात. मोजणाऱ्याला हे तीन आकडे माहीत असतील तर कोड न उघडताही बिघाड कुठे आहे हे कळते. पण त्यासाठी मोजणीने चूक दाखवायला हवी. आयामाच्या वर्गालाच शक्ती मानणारा माणूस मोजणीच्या फंक्शनमध्येही तीच शक्ती लिहितो आणि स्क्रीनवर झोकात २०.०० उमटते. आपला पेपर आपणच तपासण्यातला हा प्रकार आहे.

म्हणून मोजणाऱ्या फंक्शनच्या हाती स्वर आणि गोंगाट वेगवेगळे देऊच नयेत. त्याला फक्त मिसळलेला सिग्नल, नमुनादर आणि वारंवारता मिळावी. तेवढ्यावरून त्या वारंवारतेचा सर्वांत जुळणारा साइन तरंग लघुतम वर्ग पद्धतीने बसवायचा. बसवलेला तरंग हा स्वर आणि तो वजा केल्यावर जे उरते तो गोंगाट. साइन, कोसाइन आणि एक स्थिरांक असे तीन गुणक लागतात. साइन आणि कोसाइन दोन्ही असल्यामुळे सुरुवातीची कला माहीत असण्याची गरज उरत नाही, आणि स्थिरांकामुळे साउंडकार्डाने घातलेली सरळ पातळी गोंगाटात मोजली जात नाही.

```python
def measured_snr(x, fs, f0):
    w = 2 * np.pi * f0 * np.arange(x.size) / fs
    M = np.column_stack([np.sin(w), np.cos(w), np.ones_like(w)])
    c, *_ = np.linalg.lstsq(M, x, rcond=None)
    r = x - M @ c
    Ps = (c[0]**2 + c[1]**2) / 2
    Pn = np.sum(r**2) / (x.size - 3)
    return 10 * np.log10(Ps / Pn)
```

या फंक्शनने २०.०० हाच आकडा द्यावा अशी अपेक्षा करणेही चूक आहे. गोंगाट यादृच्छिक आहे आणि हाती असलेल्या मोजक्या नमुन्यांची शक्ती ठरवलेल्या शक्तीच्या थोडी अलीकडे-पलीकडे पडणारच. N नमुन्यांवरून काढलेल्या प्रचरणातली सापेक्ष अनिश्चितता २/N च्या वर्गमुळाइतकी असते. ४८,००० नमुन्यांसाठी ती सुमारे ०.६५ टक्के, म्हणजे ०.०२८ डेसिबेल येते. तेव्हा एका सेकंदाच्या सिग्नलवर २०.०३ किंवा १९.९६ दिसले तर काही बिघडलेले नाही, पण २०.२ दिसले तर शोध घ्यायला हवा. स्वर दहा मिलिसेकंदांचाच असेल तर नमुने ४८० उरतात, अनिश्चितता ०.२८ डेसिबेलवर जाते आणि तेच २०.२ निर्दोष ठरते. किती फरक चालेल हे असे आधी हिशेबाने ठरवावे, आकडा पाहून नव्हे. खरा पडताळा एका धावेत होतही नाही. बीज बदलत हजार सिग्नल तयार करावेत आणि दोन गोष्टी पाहाव्यात.

```python
d = [measured_snr(make(k), fs, f0) for k in range(1000)]
print(np.mean(d), np.std(d))
```

सरासरी २० पासून काही सहस्रांश डेसिबेलपेक्षा जास्त दूर नसावी आणि विखुरणे ०.०२८ च्या आसपास असावे. दुसरा आकडा पुष्कळजण पाहतच नाहीत, पण तो अधिक बोलका आहे. सरासरी बरोबर असून विखुरणे शून्याजवळ आले तर प्रत्येक वेळी तेच बीज वापरले जात आहे, किंवा गोंगाट कुठेतरी मोजून बरोबर करून घेतला जात आहे.

यावर पहिला आक्षेप हाच येतो की गोंगाट मोजून बरोबर का करून घेऊ नये? तयार झालेल्या गोंगाटाची प्रत्यक्ष शक्ती काढून त्याला योग्य गुणकाने गुणले की शक्तींचे गुणोत्तर अचूक १०० होते. एखाद्या यंत्राला ऐकवायची एकच फाइल हवी असेल तर हे चालते, उलट सोयीचेच आहे. पण हजार धावांतून एखादा स्वर-शोधक किती वेळा चुकतो हे मोजायचे असेल तर चालत नाही, कारण गोंगाटाची शक्ती धावेगणिक बदलणे हा त्या प्रयोगाचाच भाग आहे. तो बदल पुसला की लहान सिग्नलवर शोधक आहे त्याहून स्थिर भासतो.

दुसरा आक्षेप साधेपणाचा आहे. स्वराची शक्ती माहीतच आहे, मग मिसळलेल्या सिग्नलच्या एकूण शक्तीतून ती वजा केली की गोंगाट मिळेल, साइन बसवण्याचा खटाटोप कशाला? वर्ग उलगडला की अडचण दिसते. बेरजेच्या वर्गात स्वर आणि गोंगाट यांच्या गुणाकाराचे दुप्पट पदही येते. त्याची सरासरी दीर्घकाळात शून्य होते, पण ४८,००० नमुन्यांत अगदी शून्य होत नाही. २० डेसिबेलला हे उरलेले पद गोंगाटाच्या शक्तीच्या साधारण ९ टक्के इतके वर-खाली होते, म्हणजे सुमारे ०.४ डेसिबेलची अनिश्चितता. साइन बसवण्यातली अनिश्चितता त्याच्या चौदाव्या हिश्श्याइतकी आहे. शिवाय एसएनआर जितका जास्त तितकी ही वजाबाकी वाईट होत जाते, कारण दोन मोठ्या, जवळजवळ सारख्या संख्यांतून एक लहान संख्या काढायची असते.

तिसरी पद्धत वर्णपटाची. फूरिये रूपांतर करून १,००० हर्ट्झचे शिखर पाहायचे आणि खालची गोंगाटाची पातळी पाहायची. चित्र देखणे येते आणि नेमके तिथेच फसायला होते. आपल्या उदाहरणात शिखर आणि तळपातळी यांत २० नव्हे, सुमारे ६४ डेसिबेलचे अंतर दिसेल. गोंगाटाची शक्ती २४,००० खान्यांत वाटली जाते, स्वराची एकाच खान्यात साठते. १० log10(24000) म्हणजे ४३.८ डेसिबेल, तेवढे अंतर या वाटणीचे आहे. त्यामुळे तळपातळीवरून एसएनआर वाचू नये, सगळ्या खान्यांची शक्ती बेरीज करून घ्यावी. ती करतानाही स्वराची आवर्तने सिग्नलमध्ये पूर्ण बसतात का हे पाहावे लागते. १,००० ऐवजी १,०००.५ हर्ट्झ घेतले तर स्वर दोन खान्यांच्या मधोमध पडतो आणि सर्वांत उंच खान्यात त्याची फक्त ४०.५ टक्के शक्ती राहते. बाकीची आजूबाजूला सांडते. एकाच खान्याला स्वर मानणारे फंक्शन ती सांडलेली शक्ती गोंगाटात धरते आणि २० डेसिबेलच्या सिग्नलला उणे १.७ डेसिबेल ठरवते. साइन बसवण्याच्या पद्धतीला अपुऱ्या आवर्तनाने काहीच फरक पडत नाही.

तिची स्वतःची मर्यादा दुसरीकडे आहे. वारंवारता नेमकी ठाऊक असायला हवी. सिग्नल संगणकातच तयार करून संगणकातच मोजला तर ती ठाऊक असतेच. पण तो एका साउंडकार्डातून वाजवून दुसऱ्याने ध्वनिमुद्रित केला तर दोघांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. दहा हजारात एक इतका फरक असला तरी १,००० हर्ट्झचा स्वर ०.१ हर्ट्झने सरकतो. सेकंदभरात बसवलेला तरंग खऱ्या तरंगाशी इतका विसंवादी होतो की स्वराची ३.२ टक्के शक्ती अवशेषात जाते आणि २० डेसिबेलचे मोजमाप १३.६ वर येते. अशा वेळी वारंवारता हा चौथा अज्ञात धरून तीही शोधावी लागते. अवशेषाचा आलेख काढला तर हा दोष लगेच ओळखू येतो. निखळ गोंगाटाच्या जागी तिथे टोकांना फुगणारा, मध्ये बारीक होणारा स्वर दिसतो.

फाइलमध्ये साठवताना आयाम ०.५ ठेवण्याचे कारणही मोजणीशी जोडलेले आहे. आयाम १ ठेवला तर गोंगाटासकट शिखरे मर्यादेबाहेर जातात, १६ बिटांत रूपांतर करताना कापली जातात किंवा भलतीच मूल्ये घेतात, आणि मोजणी निर्मितीनंतर लगेच केली असेल तर त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून मोजमाप फाइल पुन्हा वाचून करावे. १६ बिटांचा स्वतःचा गोंगाट पूर्ण पातळीच्या साइनपेक्षा सुमारे ९८ डेसिबेल खाली असतो, त्यामुळे २० डेसिबेलच्या कामात तो आड येत नाही.

एवढे करूनही २० डेसिबेल हा आकडा अपुराच आहे. वरच्या कोडमधला गोंगाट शून्य ते २४ किलोहर्ट्झपर्यंत सारखा पसरलेला आहे. तोच सिग्नल टेलिफोनच्या ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या फिल्टरमधून नेला तर स्वर तसाच राहतो, गोंगाट ३,१०० हर्ट्झपुरता उरतो आणि एसएनआर २८.९ डेसिबेल होतो. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून बँडविड्थ न सांगता दिलेला एसएनआर दुसऱ्याला तपासता येत नाही. चाचणी-फाइलसोबत एसएनआर, बँडविड्थ, नमुनादर, कालावधी आणि बीज या पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात.