‘कुणाचा रं तू?’

आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या घरांत मुलाबरोबर नवा मित्र उंबऱ्यात दिसला की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “कुणाचा रं तू?” त्यात वाईट काही नव्हते. पोराने आजोबांचे नाव सांगितले की आजी म्हणायची, “अगं बाई, म्हणजे अण्णांचा नातू!” आणि पोर निवांत चुलीपाशी बसायचे. सगळे गाव ओळखीचे होते तोवर या प्रश्नाने परकेपण जायचे.

पुढे शाळांनी मुले एकत्र आणली. 1901 पासून कोल्हापुरात जैन, मराठा, लिंगायत, मुसलमान अशी समाजासमाजांची वसतिगृहे उभी राहू लागली. राहायला वेगळी असली तरी शाळेत ही मुले शेजारी बसत. 1919 साली शाहू महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत घ्यायचा हुकूम काढला. आता घरी येणाऱ्या मित्राचा आजोबा आजीच्या ओळखीचा असेलच असे राहिले नाही. मग पुढचा प्रश्न यायचा, “आडनाव काय?” आपल्या भागात पाटील जैनांत आहेत, मराठ्यांत आहेत, लिंगायतांतही आहेत. म्हणून तिसरा प्रश्न, “कुठले पाटील?” खरे विचारायचे ते इथे बाहेर पडे, आणि पाण्याचा तांब्या हातात द्यायचा की ओंजळीत वरून ओतायचे, ते त्या उत्तरावर ठरे. दहा वर्षांच्या पोराला हे कळत नसेल असे मला वाटत नाही.

आपल्या समाजातही हे होतेच. कुंभोजचे भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत. 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभाहून परतल्यावर त्यांना आंघोळ करून आत यायला सांगितले. त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. पुढे साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, आणि तिथल्या मुलांची आई झाल्या त्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई.

आज तो तिसरा प्रश्न बहुतेक घरांतून गेला, पण “आडनाव काय गं तुझं?” अजून सहज तोंडी येते. त्याऐवजी नुसते नाव विचारावे, आणि मुलीने घरी त्या मैत्रिणीचे काही सांगितले असेल तर तेच काढावे: “ये गं, तूच ना ती चित्रं काढणारी?” आपल्या घरात आणखी एक गोष्ट लगेच सांगावी लागते. डिसेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. “आमच्यात रात्री जेवत नाहीत” असे म्हटले की पोरगी बिचारी दप्तर उचलते. “साडेपाचला आम्ही सगळे जेवतो, तुझंही ताट घेते. भूक नसेल तर नुसतं दूध पी,” म्हटले की ती विचारते, “काकू, हात कुठं धुवू?”