सलग लाभाचा शोध

बारामती एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याची उत्पादनवही समोर आहे, अशी कल्पना करावी. ठरल्यापेक्षा जितके नग जास्त निघाले तितका अधिक आकडा आणि जितके कमी पडले तितका उणे आकडा त्या त्या दिवसापुढे मांडलेला आहे. आठ दिवसांचे आकडे क्रमाने असे: अधिक ३, उणे ५, अधिक ४, उणे १, अधिक ६, उणे १२, अधिक २ आणि अधिक ५. आता प्रश्न असा की, कोणत्या सलग दिवसांची बेरीज सर्वांत मोठी? व्यवस्थापकाला नुसती बेरीज पुरत नाही. तो काळ कोठे सुरू झाला व कोठे संपला हे कळले, तरच त्या दिवसांत कोणता कच्चा माल होता आणि यंत्रावर कोण होते याचा तपास करता येतो.

हाच प्रश्न अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे गणिती उल्फ ग्रेनांडर यांच्यापुढे एका निराळ्या रूपाने उभा राहिला होता. चित्राचे रूपांतर आकड्यांच्या चौकटीत केल्यावर तीत दडलेली आकृती कोठे आहे, हे त्यांना शोधावयाचे होते. त्यासाठी सर्वांत मोठ्या बेरजेचा आयताकृती भाग हवा होता. चौकटीचा प्रश्न अवघड म्हणून त्यांनी प्रथम एकाच ओळीचा विचार केला. प्रत्येक आरंभ व प्रत्येक शेवट घेऊन बेरजा ताडून पाहणे हा सरळ मार्ग होय. परंतु आठ दिवसांत असे ३६ टप्पे पडतात आणि ३६५ दिवसांत त्यांची संख्या ६६,७९५ होते. १९७७ साली ग्रेनांडर यांनी हा प्रश्न मायकेल शामोस यांना सांगितला. शामोस यांनी एका रात्रीत ओळीचे दोन अर्ध करून उत्तर काढण्याची बरीच वेगवान रीत रचली. तीहून चांगली रीत बहुधा नसावी, असे त्यांना व त्यांचे सहकारी जॉन बेंटली यांना वाटले. काही दिवसांनी कार्नेगी मेलन विद्यापीठातील एका चर्चासत्रात शामोस यांनी ही हकीकत सांगितली. तेथे बसलेले संख्याशास्त्रज्ञ जे कडाने यांनी मिनिटभरातच एका फेरीत उत्तर देणारी रीत काढली. बेंटली यांनी १९८४ साली आपल्या स्तंभात ही कथा छापली.

कडाने यांची युक्ती अशी: चालत आलेली बेरीज शून्याखाली गेली, की ती पुढच्या दिवसांना केवळ ओझे होते. म्हणून ती टाकून द्यावी व पुढच्या दिवसापासून नवी बेरीज धरावी. वरच्या वहीत पहिल्या दिवशी चालती बेरीज ३, दुसऱ्या दिवशी उणे २. ती टाकली, तिसऱ्या दिवशी नवा आरंभ होऊन ४, मग ३, मग ९. सहाव्या दिवशी उणे ३ झाल्याने तीही टाकली. सातव्या दिवशी २ व आठव्या दिवशी ७. सर्वांत मोठी बेरीज ९. ती तिसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंतची.

चूक घडते ती दिवस टिपताना. आरंभाची एकच नोंद ठेवून प्रत्येक नव्या प्रारंभी ती पुसली, तर सातव्या दिवशी तेथे ७ लिहिले जाते आणि उत्तर येते: आरंभ सातवा, शेवट पाचवा. शेवटानंतर आरंभ, हीच या चुकीची खूण. म्हणून आरंभाच्या दोन नोंदी हव्यात: एक चालत्या बेरजेचा आरंभ, दुसरी आजवरच्या सर्वोत्तम बेरजेचा. चालती बेरीज सर्वोत्तमाहून मोठी ठरेल त्याच क्षणी पहिली नोंद दुसरीत उतरवावी आणि त्या दिवसाचा क्रमांक शेवट म्हणून लिहावा.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवावी लागते. उणे ४, उणे २, उणे ७ असे सगळेच दिवस तोट्याचे असले तर काय? रिकामा टप्पा चालत असेल, तर उत्तर शून्य. पण त्याला आरंभही नाही व शेवटही नाही. निदान एक दिवस हवाच असेल, तर सर्वोत्तम बेरजेची सुरुवात शून्याने न करता पहिल्या दिवसाच्या आकड्याने करावी. मग उत्तर येते उणे २, दुसरा दिवस.

ग्रेनांडर यांच्या मूळ चौकटीचे काय झाले? वरची व खालची ओळ निश्चित करून मधल्या प्रत्येक स्तंभाची बेरीज एका आकड्यात आणली, की कडाने यांची फेरी तेथेही चालते. परंतु अशा ओळींच्या जोड्या फार असतात व प्रत्येकीसाठी नवी फेरी करावी लागते. गणनेचा हा खर्च न परवडल्याने ग्रेनांडर यांनी अखेर तो मार्गच सोडला. चौकटीसाठी मांडलेला प्रश्न ओळीपुरता सुटला, आणि ओळीची रीतच टिकून राहिली.