गुंगीत असलेल्या वृद्धांना पाणी का पाजू नये?

जळगाव किंवा धुळ्यातल्या एखाद्या घरातलं उदाहरण घ्या. आजींना रात्री 8 वाजता झोपेची गोळी दिली आणि 9 वाजता जेवायला उठवलं. डोळे मिटलेलेच होते, म्हणून घरच्यांनी चमच्यानं पातळ वरण भरवलं. धोका इथेच आहे.

गिळताना श्वासनलिकेचं तोंड क्षणभर बंद होतं. तरीही काही आत गेलंच, तर ठसका ते बाहेर फेकतो. गुंगीत या दोन्ही क्रिया मंदावतात. पाणी, चहा, वरण घशातून झटकन खाली उतरतं आणि ठसका न लागताही फुफ्फुसात जाऊ शकतं. मग आवाज घरघरतो. पुढे एक-दोन दिवसांत ताप आला, धाप लागली, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी.

म्हणून जेवण आधी, ताठ बसवून द्यावं आणि नंतर अर्धा तास आडवं करू नये. गोळी झोपण्याच्या वेळी, पूर्ण जागं असतानाच द्यावी. हाकेला नीट उत्तर येत नसेल, तर घास, पाणी, गोळी काहीच तोंडात घालू नये; डॉक्टरांना विचारावं. श्वास घ्यायला त्रास होत असेल, ओठ निळे पडले किंवा जागच येत नसेल, तर लगेच 108 वर फोन करावा.