मॅग्नेशियम सल्फेट (मुलांच्या तीव्र दम्यात, शिरेवाटे)

दम्याचा जोराचा अटॅक आलेल्या मुलाला वाफेची औषधे आणि स्टेरॉइड देऊनही पुरेसा आराम पडत नाही, तेव्हा सलाईनमधून एकदाच सावकाश द्यायचे औषध. मात्रा वजनाच्या दर किलोला ४० ते ५० मिलिग्रॅम. वजन कितीही असले तरी एकूण २ ग्रॅमच्या वर नाही. वेळ किमान २० मिनिटे. गर्भारपणातल्या झटक्यांसाठी प्रसूतिकक्षात वापरतात तेच हे औषध. तिथली मात्रा ग्रॅममध्ये मोजतात आणि वजन पाहत नाहीत. त्यामुळे प्रसूतिकक्षातली सवय मुलांच्या वॉर्डात चालत नाही.

श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात ते पेशींत कॅल्शियम शिरल्यामुळे. मॅग्नेशियम कॅल्शियमची ही वाट अडवते आणि स्नायू सैल पडतात. परिणाम काही मिनिटांत सुरू होतो, पण फार टिकत नाही. स्टेरॉइडचे काम सुरू व्हायला काही तास लागतात. तेवढा काळ मुलाला तारून नेणे, हे या औषधाचे खरे काम आहे. दम्यासाठी ते शिरेतून दिल्याची नोंद १९३६ सालची आहे. मुलांमधला पुरावा मात्र १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत झालेल्या छोट्या चाचण्यांपासून मिळू लागला. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा पाच चाचण्या आणि मिळून १८२ मुले होती. मॅग्नेशियम मिळालेल्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याची गरज कमी पडली, असा त्याचा निष्कर्ष आहे. आकडा लहान आहे हे लक्षात ठेवावे. दोन वर्षांखालच्या बाळांविषयी तर त्यातून काहीच सांगता येत नाही. वाफेतून दिलेल्या मॅग्नेशियमचा असा फायदा नंतरच्या मोठ्या चाचणीत दिसला नाही.

शिरेतून मॅग्नेशियम कधी द्यावे? ऑक्सिजन चालू असताना साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमच्या वाफा पाठोपाठ तीन वेळा दिल्या, स्टेरॉइड पोटातून किंवा शिरेतून दिले, आणि तासाभरानंतरही मूल वाक्य पुरे करू शकत नाही, बरगड्यांमध्ये खळगे पडतात, ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली राहतो, तेव्हा. मूल निपचित पडू लागले किंवा छातीतली शिट्टी एकाएकी थांबून छाती गप्प झाली, तर तासाची वाट पाहू नये.

अँपूलपासून शिरेपर्यंत

गफलत होते ती इथेच. आपल्याकडे सर्रास मिळणारी अँपूल २ मिलिलिटरची असते आणि तिच्यावर ‘५० टक्के’ लिहिलेले असते. ५० टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम, म्हणजेच एका मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम आणि एका अँपूलमध्ये १ ग्रॅम. वेगळ्या तीव्रतेची अँपूलही मिळू शकते, म्हणून फोडण्याआधी लेबल मोठ्याने वाचावे.

उदाहरणादाखल पाच वर्षांची, १६ किलो वजनाची मुलगी घेऊ. ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने तिची मात्रा ८०० मिलिग्रॅम. ८०० ला ५०० ने भागले की १.६ मिलिलिटर. एवढे औषध सिरिंजमध्ये घेऊन त्यात १८.४ मिलिलिटर नॉर्मल सलाईन घालावे. एकूण २० मिलिलिटर होते आणि दर मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम पडतात. हे २० मिनिटांत द्यायचे म्हणजे सिरिंज पंपावर ताशी ६० मिलिलिटर. पंप नसेल तर मुलांचा मायक्रोड्रिप सेट वापरावा. त्याचे ६० थेंब म्हणजे १ मिलिलिटर, म्हणून मिनिटाला ६० थेंब पडू दिले की वेळ तीच येते. थेंब घड्याळ लावून मोजावेत, नजरेच्या अंदाजाने नव्हे. शेवटी थोडे औषध नळीत उरते. ते सलाईनने पुढे ढकलतानाही वेग तोच ठेवावा, नाहीतर उरलेला भाग एकदम आत जातो.

घातक चूक होते ती ‘५० टक्के’ पाहून ‘मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम’ असे समजल्यामुळे. मग याच मुलीसाठी १६ मिलिलिटर काढले जातात, म्हणजे ८ ग्रॅम, दसपट मात्रा. यावर एक साधा ताळा आहे. कमाल मात्रा २ ग्रॅम, म्हणजे ४ मिलिलिटर, म्हणजे दोन अँपूल. कोणत्याही मुलासाठी तिसरी अँपूल फोडायची वेळ आली, तर गणित चुकले आहे. हात तिथेच थांबवावा. हा ताळा प्रत्येक वॉर्डात औषधांच्या ट्रॉलीवर चिकटवून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

देताना काय पाहावे

रक्तवाहिन्यांचे स्नायूही सैल पडतात, त्यामुळे चेहरा लाल होतो, अंगात ऊब पसरते, कधी मळमळते. आईला आणि मुलाला हे आधीच सांगितले तर घाबरगुंडी उडत नाही. वेग जास्त झाला तर रक्तदाब उतरतो. रात्रभर धापा टाकणाऱ्या आणि पोटात पाणी न टिकलेल्या मुलात तो अधिकच उतरतो, म्हणून कोरडे पडलेल्या मुलाला आधी सलाईन द्यावे. रक्तदाब दर पाच मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा ७० अधिक वयाच्या दुपटीखाली गेला, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या मुलीत ८० च्या खाली, तर औषध थांबवावे.

मॅग्नेशियम शरीरातून बाहेर जाते ते मूत्रपिंडांतून. मूत्रपिंडांचा आजार असलेल्या किंवा लघवी होत नसलेल्या मुलात ते साचते. हृदयाच्या ठोक्यांच्या वहनात अडथळा असेल किंवा मायस्थेनिया असेल, तर ते देऊ नये.

औषध सुरू करण्याआधी गुडघ्याखाली हलकेच ठोकून पाय उडतो का ते पाहून ठेवावे, आणि मध्ये पुन्हा पाहावे. यासाठी अर्धे मिनिटही लागत नाही, आणि पुढचा एक अवघड प्रश्न त्यावर सुटतो. समजा, पंधराव्या मिनिटाला मुलीचा श्वासाचा वेग ५० वरून २० वर आला. तिला आराम पडला, ती थकली, की औषध जास्त झाले? डोळे उघडे, बोलणे सुधारलेले, दोन्ही बाजूंना हवा नीट शिरते, तर आराम पडला आहे. ग्लानी आहे, छाती गप्प आहे, पण गुडघा ठोकल्यावर पाय उडतो, तर मॅग्नेशियमवर संशय घेण्याचे कारण फारसे नाही. मुलगी दमून हरते आहे आणि भूलतज्ज्ञाला व आयसीयूला त्याच क्षणी हाक मारायला हवी. पाय उडेनासा झाला असेल तर मात्र मॅग्नेशियम विषारी पातळीकडे निघाले आहे, कारण गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया श्वास बंद पडण्याच्या आधी जाते. मग औषध बंद करावे, श्वासाला आधार द्यावा आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट किलोला ०.५ मिलिलिटर या हिशेबाने, म्हणजे या मुलीला ८ मिलिलिटर, ५ ते १० मिनिटांत ठोक्यांवर नजर ठेवून द्यावे. दोन्ही औषधे एकाच नळीत एकत्र येऊ देऊ नयेत. त्यांचा साका बसतो. ही कॅल्शियमची अँपूल मॅग्नेशियम सुरू करतानाच खाटेशेजारी काढून ठेवलेली असावी.