प्रमाण आणि प्रमाणपत्र : प्राथमिक शिक्षकाच्या पात्रतेचा इतिहास



नोकरी तीच राहते, काम बहुतेक तेच राहतं, पण त्या नोकरीसाठी मागितला जाणारा कागद मात्र दर पिढीत मोठा होत जातो. समाजशास्त्रात याला पदव्यांचा फुगवटा म्हणतात. आज आपण एकच नोकरी घेऊ आणि तिचा माग काढू. जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जी असते ती, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींची.

सुरुवात थोडी मागून करू. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षक कसा असावा, हे त्यात आहे. तो प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, नांगराला हात लावायची त्याला लाज वाटू नये, असं त्यांचं म्हणणं. ही पात्रता कुठून आली बघा. ती कामातून आली. ज्या मुलांना शिकवायचं, त्यांच्यात मिसळता आलं पाहिजे, म्हणून ही अट. तिला किती अर्ज आले याच्याशी काही देणंघेणं नाही.

त्यानंतर बराच काळ मुंबई इलाख्यात सातवीची फायनल पास झालेला माणूस गावात मास्तर होऊ शकत असे. पुढे मॅट्रिक आणि डी.एड. आलं, मग बारावी आणि डी.एड. आलं. २०१० साली राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, बंधनकारक केली आणि महाराष्ट्रात ती पहिल्यांदा डिसेंबर २०१३ मध्ये झाली. २०१७ पासून तिच्यावर आणखी एक परीक्षा आली, अभियोग्यता चाचणी. म्हणजे आजचा उमेदवार बारावी, डी.एड., टीईटी आणि वर अभियोग्यता चाचणी असे चार उंबरे ओलांडतो. शिवाय बरेच जण मध्ये बी.ए., एम.ए. करून ठेवतात, कारण रिकामं कसं बसायचं?

आता मराठवाड्याकडे येऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आपलं मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ चं. मध्ये एकशे एक वर्षं गेली. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथलं उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवायचं, त्यामुळे मराठी घरातल्या मुलाला सरकारी कचेरीची वाट परक्या भाषेतून जायची. साहजिकच शिकलेला माणूस दुर्मीळ होता आणि मॅट्रिक झालेल्याला गावात मान होता.

रोनाल्ड डोर नावाच्या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली पदवीच्या रोगावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की जो समाज विकासाच्या वाटेवर उशिरा येतो, तिथे नोकरी देताना प्रमाणपत्र जास्त पाहिलं जातं आणि पदव्यांचा फुगवटाही जास्त वेगाने होतो. याचं कारण साधं आहे. शाळा-कॉलेजं काढणं तुलनेने स्वस्त आणि लोकप्रिय असतं, पगाराच्या नोकऱ्या निर्माण करणं महाग असतं. आपल्याकडे कोरडवाहू शेती, जालना शहरात स्टील आणि बियाण्यांचा उद्योग, आणि बाकी खात्रीचा पगार म्हणजे सरकार. कॉलेजं तालुक्या-तालुक्यात आली, जागा त्या प्रमाणात आल्या नाहीत.

एक हिशेब करून पाहू. समजा, जागा शंभर आहेत आणि अर्जदार हजार. सगळे बारावी आहेत. मग काही जण पुढे निघावं म्हणून दोन वर्षांचा आणखी एक अभ्यासक्रम करतात. त्यांना फायदा होतो. ते पाहून बाकीचेही करतात. आता हजारांकडे तो कागद आहे आणि जागा शंभरच आहेत. नऊशे जण पुन्हा बाहेर. हजार जणांची दोन-दोन वर्षं, म्हणजे दोन हजार वर्षांचं तारुण्य आणि त्यासाठी विकलेली जमीन खर्ची पडली, आणि रांग होती तेवढीच राहिली. यात कोणी मूर्ख नाही, हे लक्षात घ्या. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणाच निर्णय घेतला. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले. अट बारावीची, पण अर्जदारांत पदवीधर आणि इंजिनिअरसुद्धा होते. तीच रांग, दुसऱ्या दारात.

मग प्रत्येक वाढलेली अट फुगवटाच समजायची का? नाही. इथे मला न्यायदर्शनाची मदत घ्यावीशी वाटते. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं आपण अनुमान करतो. हे अनुमान चालतं, कारण धूर अग्नीशिवाय होत नाही. पदवी हाही असाच धूर आहे. ती पाहून आपण क्षमतेचं अनुमान करतो. पण धूर पाहूनच बक्षीस मिळतं असं कळलं, की लोक नुसता धूर करायला शिकतात. जानेवारी २०२० च्या टीईटीत हेच झालं. चौकशीअंती सात हजार आठशेंहून अधिक उमेदवारांवर गैरप्रकाराचा ठपका आला. कागदालाच किंमत आली की कागद विकला जातो.

म्हणून अट खरी की फुगलेली हे ओळखायला मी दोन प्रश्न विचारतो. एक, काम बदललं का? आणि दोन, अर्जदार कमी झाले तर ही अट राहील का? पहिलीच्या मुलाला वाचायला शिकवणं ही एक विद्या आहे, त्यामुळे डी.एड.ची अट कामातून येते, निदान तत्त्वतः. अभियोग्यता चाचणीचं तसं नाही. तिला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नाहीच, फक्त गुणांचा क्रम आहे. तिचं काम रांग लावणं हे आहे. रांग लावावी लागते, मान्य. पण रांगेतल्या नंबराला पात्रता म्हणू नये. मागे राहिलेला मुलगा नालायक ठरत नाही, तो फक्त एकशे एकावा असतो.

आता सगळ्यात अवघड प्रसंग. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, आणि त्यातलं एक प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे, अशा आधीपासून कामावर असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल. वीस वर्षं शिकवलेल्या गुरुजींना वाटतं, हातच्या कांकणाला आरसा कशाला? वीस वर्षांचं प्रत्यक्ष काम समोर असताना अनुमान कशासाठी? हा आक्षेप तर्काने बिनतोड आहे, एका अटीवर. ते प्रत्यक्ष कोणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे. किती वर्गांत केंद्रप्रमुख पूर्ण तास मागे बसतो? कोणत्या मुलाला वर्षाअखेर काय वाचता आलं, याची नोंद शिक्षकाच्या नावावर कुठे असते? ती नसेल तर 'वीस वर्षे सेवा' हाही एक कागदच आहे, फक्त जुना.

तेव्हा निकालावर रागावण्याआधी हे पाहू या की परीक्षा कुठल्या रिकाम्या जागेत शिरली. जिथे काम पाहणारा डोळा नाही, तिथे कागद मागणारा हात येतोच. फुल्यांनी मागितलेली पात्रता वर्गात जाऊन दिसणारी होती. ती पाहायला वर्गात जावं लागतं, आणि तेवढंच आपण इतकी वर्षं टाळत आलो आहोत.